रात्रीच्या मिरवणुकीचे छायाचित्र : दाणे आणि हललेपणा

रात्रीच्या उत्सवात काढलेल्या छायाचित्रांत दोन दोष वारंवार आढळतात. चेहऱ्यांवर आणि काळोख्या भागांत रंगीत ठिपके उमटतात, त्यांना छायाचित्रकार 'नॉइज' किंवा 'ग्रेन' म्हणतात. दुसरा दोष म्हणजे माणसे फिसकटतात, फोटो 'हलतो'. दोन्ही दोषांचे मूळ अपुऱ्या प्रकाशात आहे, पण त्यांचे उपाय एकमेकांच्या आड येतात. हलणे टाळण्यासाठी शटर जलद केले की संवेदकावर, म्हणजे सेन्सरवर, आणखी कमी प्रकाश पडतो आणि दाणे वाढतात. दाणे टाळण्यासाठी शटर जास्त वेळ उघडे ठेवले की फोटो हलतो. पुण्याच्या गणेश विसर्जन मिरवणुकीत ही अडचण ठळकपणे समोर येते. अनंत चतुर्दशीला सकाळी निघालेली मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, रोषणाईचे रथ रात्री येतात आणि त्यांच्यापुढे ढोल-ताशा पथक सतत हलत असते.

एक नेहमीचा फोटो घेऊ. कॅमेरा मधल्या आकाराच्या सेन्सरचा, त्याला १८-५५ मिलिमीटरची सोबत मिळणारी लेन्स, झूम पूर्ण ताणून ५५ वर. वेळ रात्री आठची, जागा लक्ष्मी रस्त्याची कड. सर्व काही 'ऑटो'वर असल्याने कॅमेऱ्याने एफ/५.६, सेकंदाचा १/१५ भाग आणि आयएसओ ३२०० अशी निवड केली. वादकांच्या मागे रथावरचे एलईडी झगमगत आहेत. फोटोत रथ झकास आला, वादकांचे चेहरे मात्र काळे पडले. घरी येऊन ते मोबाइलवर उजळले आणि गालांवर लाल-हिरवे दाणे वर आले.

असा फोटो पुसून टाकण्याआधी तो पूर्ण मोठा करून पाहावा, कारण दोष नेमका कुठला हे त्यातच दिसते. सगळ्या चित्रात, दुकानांच्या पाट्यांसकट, एकाच दिशेचे ओरखडे असतील तर कॅमेरा धरणारा हात हलला. पाट्या स्वच्छ वाचता येतात आणि फक्त माणसे फिसकटली असतील तर माणसे हलली. वादक धूसर पण त्यांच्या मागचा ध्वज रेखीव असेल तर फोकस चुकला. प्रत्येक दिव्याभोवती धुक्यासारखे वलय आणि लांब रेघ असेल तर काचेवर बोटाचा ठसा किंवा गुलाल आहे आणि उपाय केवळ स्वच्छ सुती कापडाचा आहे. आपल्या फोटोत पाट्या वाचता येतात, पण ढोल वाजवणाऱ्याच्या हातातले टिपरू पंख्यासारखे पसरले आहे. म्हणजे हात स्थिर होता आणि लेन्समधली स्थिरीकरणाची सोय आपले काम चोख करत होती. मात्र ही सोय फक्त कॅमेऱ्याचा थरथराट आवरते. समोरचा माणूस हलायचा थांबत नाही. तिवई आणण्याचा सल्लाही याच कारणाने मिरवणुकीत निरुपयोगी ठरतो. शिवाय त्या गर्दीत ती उभी करणे धोक्याचे आहे.

टिपरू किती पसरले याचा हिशेब सोपा आहे. वादकाचा हात सेकंदाला दोन मीटर वेगाने खाली येतो असे धरले, तर १/१५ सेकंदात तो सुमारे १३ सेंटिमीटर अंतर कापतो. तेवढा पट्टा फोटोत उमटतो. १/२५० सेकंदात तोच हात ८ मिलिमीटर सरकतो. सावकाश चालणाऱ्या माणसाचा चेहरासुद्धा १/१५ सेकंदात सहासात सेंटिमीटर पुढे जातो, तिथे डोळे रेखीव येण्याची आशा नको.

दाण्यांबद्दल एक गैरसमज पक्का रुजला आहे, तो म्हणजे आयएसओ वाढवल्याने दाणे तयार होतात. दाणे मुख्यतः प्रकाशाच्या तुटवड्याने येतात. प्रकाश कणाकणाने येतो आणि कुठल्या पिक्सेलवर किती कण पडतील हे काहीसे योगायोगाचे असते. पावसाचे पहिले थेंब अंगणातल्या फरश्यांवर पडतात तेव्हा एका फरशीवर चार, शेजारच्या फरशीवर नऊ असा फरक डोळ्यांना दिसतो; सर कोसळू लागली की सगळ्या फरश्या सारख्याच ओल्या दिसतात. एका पिक्सेलवर सरासरी १०० कण आले तर त्यांत साधारण १० कणांचा चढउतार असतो, म्हणजे दहा टक्के. १०,००० कण आले तर चढउतार १००चा, म्हणजे केवळ एक टक्का. आयएसओ हे त्या मोजक्या संकेताला दिलेले वर्धन आहे, त्यात चित्राबरोबर चढउतारही मोठा होतो. फोटो काळा ठेवून नंतर उजळणे हेही वर्धनच. आपल्या फोटोत चेहरे दोन स्टॉपने, म्हणजे चौपटीने, काळे होते. ते उजळल्यावर त्यांची अवस्था आयएसओ १२,८०० इतकी झाली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर ३२०० दिसत होते म्हणून दाणे कमी येणार नव्हते.

चेहरे काळे का पडले? कॅमेऱ्याने चौकटीतला रथाचा झगमगाट मोजला आणि चित्र जळू नये म्हणून एकूण प्रकाश कमी केला. म्हणून पहिली दुरुस्ती कॅमेऱ्यात करायची नसून उभे राहण्याच्या जागेत करायची आहे, आणि याच गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. रथ वादकांच्या मागे न घेता, वादकांच्या तोंडावर प्रकाश पडेल अशी जागा शोधावी. मिरवणुकीच्या मार्गावर स्वागताचे मांडव असतात, त्यांच्यापुढे हॅलोजन किंवा एलईडीचे फोकस लावलेले असतात. एकाच दिव्यापासूनचे अंतर आठ मीटरचे चार मीटर झाले की चेहऱ्यावर चौपट प्रकाश पडतो. मोठ्या पडद्यासारख्या पसरट प्रकाशस्रोताला हा नियम जवळून लागू पडत नाही, पण खांबावरच्या एका फोकसला पडतो. पथक त्या दिव्यासमोर येईपर्यंत थांबायचे, दिवा स्वतः चौकटीबाहेर ठेवायचा, आणि प्रकाश चेहऱ्यावरून मोजायचा.

दुसरी दुरुस्ती लेन्सची. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही झूम नसलेली लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीतल्या सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते. ती एफ/२ वर ठेवली तर एफ/५.६ च्या तुलनेत आठपट प्रकाश आत येतो, म्हणजे तीन स्टॉप. आयएसओ ३२०० वरून ६४०० केले की आणखी एक. हे चारही स्टॉप शटरवर खर्च केले तर १/१५ चे १/२५० होते. उरलेली चौपटीची कमतरता दिव्याजवळच्या जागेने भरून काढली आहेच. म्हणजे नव्या फोटोत शटर सोळापट जलद झाले, आणि तरी चेहऱ्यावरून सेन्सरपर्यंत आधीच्या दुप्पट प्रकाश पोचला. आयएसओचा आकडा वाढूनही दाणे कमी झाले, ते यामुळे.

याची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. चार मीटरवर, एफ/२ ला, या लेन्सची रेखीव खोली जेमतेम अर्धा मीटर असते. पहिल्या रांगेतला वादक स्पष्ट आणि दुसऱ्या रांगेतला विरघळलेला येतो. म्हणून फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवावा, कॅमेऱ्याला स्वतः निवडू देऊ नये. अंधारात तो बहुधा चमकणारी झांज किंवा मागचा दिवा पकडतो.

वेळ साधणे हा तिसरा भाग, आणि त्याला पैसे पडत नाहीत. टिपरू वर जाऊन खाली वळते त्या क्षणी त्याचा वेग शून्यावर येतो. ठोका दोनचार वेळा ऐकला की तो क्षण कधी येणार हे कानाला कळते. त्या सुमारास सलग चारपाच फोटो घेतले तर १/१२५ वरही एखादा रेखीव मिळतो. हात वर, मान ताठ, तोंड उघडे, हीच वादकाची सर्वांत चांगली मुद्राही असते. ताशाच्या काड्यांबाबत मात्र हा उपाय चालत नाही, त्या फार जलद चालतात. तिथे काड्या हलू द्याव्यात आणि चेहरा पकडावा.

जलद शटरची एक अडचण भारतातल्या विजेशी जोडलेली आहे. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे त्यावर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. हॅलोजनची तार तापलेली राहते म्हणून त्यात फरक थोडा असतो, स्वस्त एलईडीत मोठा असतो. १/१०० सेकंदात एक पूर्ण आवर्तन सामावते. १/२५० मध्ये त्याचा तुकडाच येतो. म्हणून ओळीने घेतलेल्या फोटोंपैकी एक उजळ, दुसरा काळपट, तिसरा पिवळट निघतो. कॅमेऱ्यात Anti-flicker किंवा Flicker reduction अशी सोय असल्यास ती चालू करावी, नसल्यास १/१०० वर येऊन टिपरू वर जाण्याची वाट पाहावी. इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवावे, त्याने एलईडीच्या प्रकाशात आडवे पट्टे उमटतात.

फ्लॅश टाळलेला बरा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश काही मीटरांपुढे पोचत नाही, हवेतला गुलाल लेन्ससमोर पांढऱ्या गोळ्यांसारखा चमकतो आणि वादकांच्या डोळ्यांवर तिरीप येते.

मोबाइलवर हेच नियम अधिक कडक होतात, कारण त्याचा सेन्सर लहान. रात्रीचा 'नाइट मोड' पुष्कळ फोटो एकावर एक रचून दाणे पुसतो. दीपमाळ, मंदिर, उभा रथ यांसाठी तो उत्तम आहे, पण चालत्या पथकाच्या फोटोत हात दोनदा उमटतात किंवा चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. पथकासाठी तो बंद करावा, मुख्य लेन्सच वापरावी, झूम करण्याऐवजी पुढे जावे, आणि 'प्रो' सोयीत शटर १/१२५ च्या आसपास ठेवावे. पथकाची दोरी मात्र ओलांडू नये.

इतके करूनही दाणे आणि हललेपणा यांपैकी एक पत्करावाच लागला, तर दाणे पत्करावेत. दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात. फिसकटलेला डोळा पुन्हा रेखीव करता येत नाही. दाणे कमी करता यावेत यासाठी फोटो 'रॉ' स्वरूपात घ्यावा, रंगीत ठिपके पूर्ण काढावेत आणि करडे दाणे थोडे राहू द्यावेत, नाहीतर त्वचेचा पोत जातो. निकालही पडद्यावर पूर्ण मोठा करून लावू नये. २४ मेगापिक्सेलचा फोटो सहा बाय चार इंचांवर छापताना सुमारे अकरा पिक्सेलांचा मिळून एक ठिपका होतो, आणि त्या सरासरीत आयएसओ ६४०० चे दाणे हातभर अंतरावरून जवळजवळ दिसत नाहीत.