चर्चा विभाग (शोधनिबंधातील)

शोधनिबंधात निष्कर्षांनंतर येणारा आणि हाती आलेल्या आकड्यांचा सिद्धांताशी काय संबंध लागतो हे सांगणारा भाग. एकाच अभ्यासातून निघणारी सगळी विधाने सारख्या बळाची नसतात. प्रत्येक विधान संशोधनाच्या कोणत्या रचनेवर उभे आहे हे ओळखून त्याचे क्रियापद निवडणे हे या भागातले खरे कसब. स्टॅनफर्डमधील बालवाडीत वॉल्टर मिशेल यांनी केलेले मार्शमेलो प्रयोग याचा चांगला नमुना आहेत. थोडे थांबल्यास जास्त खाऊ मिळेल, असे मुलांना सांगितले जाई. खाऊ समोर ठेवायचा की झाकायचा, लक्ष वळवण्याची युक्ती सुचवायची की नाही, हे प्रयोगकर्ते ठरवत. त्यामुळे ‘खाऊ झाकल्याने मुले अधिक वेळ थांबली’ हे कार्यकारणाचे विधान तिथे शोभते. पुढे १९९० मध्ये शोदा, मिशेल आणि पीक यांनी त्याच मुलांच्या थांबण्याच्या वेळेचा किशोरवयातील एसएटी गुणांशी संबंध पाहिला. थांबण्याची वेळ मात्र कोणी वाटून दिलेली नव्हती. एकाच अटीतल्या मुलांमधला तिचा फरक मुलांसोबतच आलेला. म्हणून इथे ‘थांबल्यामुळे गुण वाढले’ असे लिहिता येत नाही, ‘जास्त थांबलेल्यांचे गुण सरासरीने जास्त आढळले’ एवढेच लिहिता येते.

मग सिद्धांताला जागा कुठे उरते, असा आक्षेप येतो. ती आकृतिबंधात उरते. हा संबंध ठळक दिसला तो खाऊ समोर असताना आणि युक्ती सुचवलेली नसताना, म्हणजे मुलाला स्वतःच उपाय शोधावा लागला तिथे. स्वनियमनाच्या सिद्धांतावरून हेच अपेक्षित होते. ‘निष्कर्ष सिद्धांताशी सुसंगत आहेत’ हे वाक्य एरवी पोकळ वाटते. कोणत्या अटीत संबंध दिसायला हवा आणि कोणत्या अटीत नको, हे सांगितले की त्यात जीव येतो. त्यालाच लागून प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण लिहावे: घरची परिस्थिती थांबणे आणि गुण दोन्ही ठरवत असेल तर? नमुना लहान असल्याने संबंध फुगलेला असू शकतो, हा इशारा मूळ लेखकांनीही दिला होता. लोकप्रिय लेखनात तोच आधी गळाला.

२०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी मोठ्या नमुन्यावर पाहिले, तेव्हा थांबण्याची वेळ आणि पंधराव्या वर्षीची शैक्षणिक कामगिरी यांतला संबंध मूळच्या सुमारे निम्मा निघाला. कुटुंब, घरचे वातावरण आणि लहानपणची बौद्धिक क्षमता हिशेबात घेतल्यावर त्यातलाही दोन तृतीयांश ओसरला. यावरून ‘स्वनियमनाचा परिणाम नाही’ असा निकाल देणे हाही अतिरेकी दावाच. लहानपणची बौद्धिक क्षमता हा स्वनियमनाचाच एक भाग किंवा परिणाम असेल, तर तिला वजा करताना आपण ज्याचा शोध घेत होतो त्याचाच काही अंश वजा होतो. अशा वेळी संबंधाचे दोन्ही आकडे, समायोजनापूर्वीचा आणि नंतरचा, शेजारीशेजारी ठेवून प्रत्येकामागचे गृहीतक उघड सांगावे लागते. चर्चेच्या शेवटी ‘अधिक संशोधन हवे’ लिहिण्यापेक्षा, थांबण्याची सवय काही मुलांना चिठ्ठ्या टाकून शिकवली आणि तरी त्यांचे गुण बदलले नाहीत तर सिद्धांताचा कोणता भाग सोडावा लागेल, हे लिहिणे अधिक उपयोगाचे.