‘कारण काय?’ : आत्महत्येचा आकडा, विदर्भातला अभ्यास आणि फवारणीचं कपाट

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. ‘कारण’ या शब्दाचा अर्थ काय, यावर आमची अनेक सत्रं खर्ची पडली. तरी त्या शब्दाची खरी अडचण आम्हांला कळली ती वर्गात नव्हे, तर पसरणीचा घाट उतरल्यावर लागणाऱ्या एका गावात, सांत्वनाला गेलो असताना. ओसरीवर बसलेला प्रत्येक जण हळू आवाजात एकच विचारत होता, “कारण काय?” एकानं सोसायटीचं कर्ज म्हटलं, दुसऱ्यानं भावकीतला वाद. तिसरा म्हणाला, “अलीकडे फार पीत होता.” बायको गप्प होती. संध्याकाळपर्यंत गावानं त्यातलं एक निवडलं आणि पोलीस पाटलांनी तेच सांगितलं.

आजचं व्याख्यान त्या निवडीबद्दल आहे. एक कारण निवडलं की पुढं काय होतं, आणि निवडलं नाही तर काय करता येतं, हे पाहायचं आहे.

आधी आकडा कसा तयार होतो ते पाहू. गावात असा मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंचनामा होतो, जबाब घेतले जातात. त्या कागदांवरून एक रकाना भरला जातो : कारण. हे सगळे रकाने राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाकडे जातात आणि अपघाती मृत्यू व आत्महत्या यांचा वार्षिक अहवाल निघतो. 1967 पासून हा अहवाल निघतो आहे. 2022 च्या अहवालात देशभरात 1,70,924 मृत्यू आहेत. त्यांपैकी महाराष्ट्रातले 22,746, म्हणजे राज्यांत सर्वांत जास्त.

इथं वर्तमानपत्रं थांबतात आणि मथळा देतात. आपण थांबायचं नाही. महाराष्ट्र मोठं राज्य आहे, म्हणून आकडा लोकसंख्येनं भागावा लागतो. तसा भागला तर आपल्याकडे लाखामागे साधारण 18 येतात. त्याच वर्षी सिक्कीममध्ये एकूण मृत्यू 293, पण दर लाखामागे 43. संख्या सांगते की किती घरांत दुःख झालं. दर सांगतो की कुठल्या समाजात धोका जास्त आहे. दोन्ही प्रश्न खरे आहेत, पण एकाचं उत्तर दुसऱ्याला देता येत नाही.

दर ही गोष्ट गांभीर्यानं घेतली ती फ्रान्समधल्या एमिल दुर्खीमनं, 1897 सालच्या आपल्या ग्रंथात. त्याचं निरीक्षण साधं होतं. प्रत्येक माणसाची कहाणी वेगळी असते, तरी एखाद्या देशाचा दर वर्षानुवर्षं जवळपास तोच राहतो. माणसं बदलतात, दर राहतो. याचा अर्थ, एका माणसाच्या बाबतीत ‘हा का गेला?’ हा एक प्रश्न आहे, आणि ‘या समाजात एवढे का जातात?’ हा निराळा. आमच्या मते या विषयातली अर्धी चूक हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळण्यातून होते.

आता महाराष्ट्रात येऊ. 2005-06 च्या सुमारास विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या मृत्यूंनी राज्य हादरलं होतं. शासनानं कुटुंबाला एक लाख रुपये मदत ठरवली आणि ती कुणाला द्यायची याचे निकष केले : माणूस शेतकरी असावा, नापिकीमुळे कर्ज थकलेलं असावं, ते कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं, आणि वसुलीचा तगादा असावा. जिल्हाधिकाऱ्यांची समिती प्रकरण बघून ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा मारायची. हे दोन शब्द तेव्हापासून मराठीत एका वेगळ्याच अर्थानं रुळले. मदत देणं योग्यच होतं. पण सातबारा नावावर नसलेली बाई, बटईनं कसणारा माणूस, नातेवाइकाकडून किंवा विनापरवाना सावकाराकडून हातउसने घेतलेला माणूस निकषांच्या बाहेर पडू लागला. आणि ज्याच्या जबाबात चुकून ‘दारू’ किंवा ‘आजार’ आलं, त्याच्या घरच्यांना वाटू लागलं की आपण स्वतःच आपली मदत घालवली. म्हणजे एकच कारण मागणाऱ्या कागदानं खरी हकिकत लपवायला लावली.

याच काळात मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले सृजित मिश्रा यांनी शासनासाठी एक अभ्यास केला. त्याची पद्धत समजून घेणं महत्त्वाचं आहे. वर्धा, वाशिम आणि यवतमाळ या जिल्ह्यांत त्यांनी असा मृत्यू झालेली 111 कुटुंबं घेतली, आणि शेजारी ठेवली असा मृत्यू न झालेली 106 शेतकरी कुटुंबं. ही दुसरी यादी नसेल तर अभ्यासाला अर्थ नाही. कारण विदर्भात कर्ज जवळपास सगळ्यांनाच असतं. नुसतं ‘गेलेला माणूस कर्जबाजारी होता’ म्हणून काहीच सिद्ध होत नाही. जिवंत असलेल्या शेजाऱ्यापेक्षा त्याचं काय वेगळं होतं, हे विचारावं लागतं.

त्यांना आढळलं ते असं. शंभरातल्या सुमारे 87 घरांत कर्ज होतं. 74 घरांत आर्थिक स्थिती ढासळली होती. 55 घरांत माणसानं मनातलं घरच्यांना सांगणं बंद केलं होतं किंवा घरात ताण होता. 41 घरांत पीक बुडालं होतं. पुढं मुलीबहिणीच्या लग्नाचा घोर, व्यसन, आजारपण हेही आहेच. आता यांची बेरीज करा. पहिल्या चारांचीच बेरीज 257 होते, शंभर नाही. कारण एकाच घरात यांतल्या तीन-चार गोष्टी एकदम होत्या. याउलट पोलिसांच्या अहवालाची बेरीज शंभरच्या आत बसवावी लागते. 2015 च्या राष्ट्रीय अहवालात शेतकऱ्यांच्या मृत्यूंत कर्जबाजारीपणा 38.7 टक्के आणि शेतीविषयक अडचणी 19.5 टक्के असं वाटून दिलं आहे. दोन्ही आकडे वेगवेगळ्या प्रदेशांचे आहेत, त्यांची थेट तुलना होत नाही. पण मुद्दा मोजण्याच्या रीतीचा आहे. एका मृत्यूला एकच खण दिला की कर्ज आणि अबोला एकमेकांचे प्रतिस्पर्धी होतात. प्रत्यक्षात कर्जामुळेच अबोला येतो, अबोल्यामुळे दारू वाढते, आणि दारूमुळे कर्ज.

मग प्रतिबंध कुठं करायचा? एवढ्या धाग्यांच्या गुंत्यात हात कुठं घालायचा?

इथं आपल्या भाषेतला एक शब्द बघा. गावात म्हणतात, “त्यानं औषध घेतलं.” फवारणीच्या विषाला आपण औषध म्हणतो. प्राचीन ग्रीकांकडेही ‘फार्माकॉन’ हा एकच शब्द औषध आणि विष या दोन्ही अर्थांनी होता. आपल्याकडे मात्र ही नुसती शब्दांची गंमत नाही. ते विष खरंच घरातल्या औषधासारखं कपाटात, माळ्यावर, पलंगाखाली असतं. 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या भारतव्यापी अभ्यासात दिसलं की 2010 सालातले असे मृत्यू सुमारे 1,87,000 असावेत, म्हणजे पोलिसांच्या त्या वर्षीच्या नोंदीपेक्षा पन्नास हजारांनी जास्त, आणि त्यातले जवळपास निम्मे विषबाधेचे, मुख्यतः कीटकनाशकांचे.

या धाग्याला हात घालून काय होतं हे श्रीलंकेनं दाखवलं. 1995 च्या सुमाराला तिथला दर लाखामागे 57 पर्यंत गेला होता. तिथल्या सरकारनं माणसाला सर्वांत घातक अशी कीटकनाशकं टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढली, आधी 1984 ते 1998 च्या दरम्यान, आणि पुन्हा 2008 ते 2011 मध्ये. 2015 पर्यंत दर सतराच्या आसपास आला. संशोधकांच्या अंदाजानं वीस वर्षांत सुमारे 93,000 जीव वाचले. आणि भाताचं उत्पादन घटलं नाही.

यातली मेख लक्षात घ्या. दवाखान्यात विषबाधा होऊन येणारी माणसं सुरुवातीला कमी झालीच नाहीत. दुःख, भांडण, कर्ज सगळं तसंच होतं. फक्त आलेला माणूस वाचू लागला. आणि असा वाचलेला माणूस पुन्हा तेच करतो हा समज बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा आहे. प्रयत्नातून वाचलेल्या दहांपैकी नऊ जण पुढं आत्महत्येनं मरत नाहीत. ती लाट बऱ्याचदा काही मिनिटांची, काही तासांची असते. ती ओसरेपर्यंत हाताशी जीवघेणं काही नसणं, हाच प्रतिबंध.

पण मर्यादाही सांगायला हवी. मग घरोघरी कुलपाची पेटी दिली तर? श्रीलंकेतच 180 गावांत आणि पन्नास हजारांहून अधिक घरांत याची रीतसर चाचणी झाली. 2017 मध्ये निष्कर्ष आला : फरक पडला नाही. किल्ली घरातच असते. म्हणून हा प्रश्न शेतकऱ्याच्या सावधगिरीचा नाही, परवाना देणाऱ्या शासनाचा आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवर काय ठेवायचं याचा आहे. भारतानंही 2018 मध्ये अठरा कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला. तो त्याच वाटेवरचा आहे.

आणि तो अबोला? त्यावरही विदर्भात काम झालं. ‘विश्राम’ नावाच्या प्रकल्पात 30 गावांमध्ये गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना नैराश्य ओळखायला, बोलतं करायला आणि गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायला शिकवलं. दीड वर्षानं पाहिलं, तेव्हा नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 वर गेलं होतं. गेल्या वर्षभरात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले असं सांगणारे 5.2 वरून 2.5 टक्क्यांवर आले. इथं शेजारची तुलनेची गावं नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाला देता येणार नाही. मिश्रांच्या 106 कुटुंबांचं महत्त्व इथं पुन्हा कळतं. तरी दिशा स्पष्ट आहे.

आता त्या ओसरीवर परत जाऊ. ‘कारण काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्यांचं चुकत नव्हतं. दुःखाला उत्तर हवंच असतं. पण एक उत्तर निवडलं की बाकी सगळे सुटतात : सोसायटी, भाऊबंद, दुकानदार, आम्ही-तुम्ही. खालच्या गावांत आणि इथल्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांतही फवारणीची बाटली घरातच असते. सांत्वनाला जाल तेव्हा कारण विचारू नका. त्या घरात उरलेल्यांपैकी कोण बोलेनासं झालंय ते बघा, आणि त्याला सरळ विचारा, “मरणाचे विचार येतात का?” असं विचारल्यानं विचार डोक्यात घुसत नाहीत, उलट माणूस मोकळा होतो. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, माळ्यावरची बाटली त्या घरातून हलवा, आणि 14416 हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक लावा. तो चोवीस तास चालू असतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. आज ऐकणाऱ्यांपैकी कुणाला स्वतःसाठी लागला, तर त्यालाही हेच सांगणं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.