निखाऱ्याची धुरी : चुलीची आठवण की वेगळी परंपरा?

वरणाला किंवा रायत्याला निखाऱ्याची धुरी दिली की 'चुलीवरची चव' येते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. गॅस आला, चूल गेली आणि तिची उणीव भरून काढायला हा निखारा आला, असा त्यामागचा समज. मीही बरीच वर्षे तसेच मानत होते. कंधारच्या आमच्या जुन्या घरातली एक गोष्ट आठवली आणि हा समज टिकेना.

आमच्याकडे लोणचे भरण्याआधी बरणीला हिंगाची धुरी देत. चुलीतला लाल निखारा उचलायचा, त्यावर हिंगाची चिमूट टाकायची आणि धुऊन कोरडी केलेली बरणी वर पालथी घालायची. आजी म्हणे, "बरणी हलवू नको, धूर बसू दे." महाराष्ट्रात पुष्कळ घरी ही रीत होती. म्हणजे चूल पेटलेली असताना, घर धुराने भरलेले असतानाही हा वेगळा धूर मुद्दाम केला जात होता. मग तो चुलीची जागा घेण्यासाठी कसा असेल?

दुसरा पुरावा भिंतीपलीकडचा. कंधार हे भुईकोट किल्ल्याचे आणि हाजी सय्याह यांच्या दर्ग्याचे गाव. 1948 च्या सप्टेंबरपर्यंत नांदेडचा हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि हैदराबादी स्वयंपाकाची सावली इथे सहज पडे. शेजारच्या खाला लाकडांवर शिजवलेल्या खिम्यालाही शेवटी कोळसा आणि तूप घालून 'धुआँ' देत. हिंदीत याला धुंगार म्हणतात आणि त्या शब्दाचा जुना अर्थ बघार, म्हणजे फोडणी, असा आहे. माझ्या मते हाच अर्थ नेमका आहे. धुरी म्हणजे धुराची फोडणी.

कृती पाहिली की हे पटते. पूर्ण फुललेल्या लाकडी कोळशाला स्वतःचा असा धूर जवळजवळ नसतोच, कारण लाकडातला वास देणारा भाग कोळसा होतानाच जळून गेलेला असतो. झाकणाखाली कोंडतो तो धूर तुपाचा. चुलीचा धूर लाकडाचा आणि हा तुपाचा, म्हणून दोन्ही चवी एक नाहीत.

चार माणसांच्या, साधारण एक लिटर तुरीच्या वरणाला लिंबाएवढा एक कोळसा पुरतो. तो चिमट्याने आचेवर धरून आतपर्यंत लाल होऊ द्यावा आणि वरची राख फुंकून टाकावी. वरण गरम हवे, पण उकळते नको, कारण वाफ धुराला झाकणाच्या फटीतून बाहेर ढकलते. वरणाच्या मधोमध स्टीलची छोटी वाटी किंवा कांद्याची वाटीसारखी पाकळी तरंगती ठेवावी. तीत निखारा ठेवून त्यावर अर्धा चमचा तूप सोडावे आणि त्याच क्षणी जड झाकण घालावे.

खरा प्रश्न झाकणाच्या वेळेचा. मी एकाच वरणाचे तीन भाग करून पाहिले. दोन मिनिटांत वास आला, पण तो वरवरचा, ढवळताच विरला. पाच मिनिटांत तो वरच्या तुपाच्या थरात मुरला आणि घासाबरोबर जिभेवर आला. दहा मिनिटांत मात्र कडवटपणा उतरला. याचे कारण, धुराचा वास स्निग्धांशात मुरतो आणि त्याला थोडा वेळ लागतो. पण कोंडलेल्या हवेत निखारा मंदावतो, तूप नीट न जळता करपत राहते आणि त्याचा पिवळसर ओशट थर झाकणाला धरतो. म्हणून झाकण सरळ वर न उचलता बाजूला तिरके करून काढावे, थेंब वरणात पडू देऊ नयेत.

रायत्याला दीड ते दोन मिनिटे पुरेत. थंड दह्यावर धूर लवकर बसतो आणि कडवटपणा झाकायला त्यात फोडणीचा तिखटपणा नसतो.

चूक लगेच ओळखता येते. धूर डोळ्यांना झोंबला तर कोळसा अर्धवट पेटलेला होता. तूप नुसते चरचरले तर निखारा विझत आलेला होता. भडका उडाला तर तूप जास्त झाले किंवा झाकण उशिरा पडले, आणि वरणाला काजळीचा वास लागतो. दगडी कोळसा किंवा चिकटद्रव्य घालून दाबलेल्या विटा यासाठी चालत नाहीत. आणि खिडकी उघडी हवीच, कारण कोळशाचा विषारी वायू दिसतही नाही आणि त्याला वासही नसतो.

आमची चूल गेली, त्याबरोबर हाताशी असलेला निखारा गेला, आणि बरणीची धुरीही गेली. मागे उरली ती पाहुण्यांसाठीची धुरी, तीही 'चुलीची चव' या चुकीच्या नावाने. चुलीवर रांधणाऱ्या बायकांनी धूर पुरेसा असतानाही एक दुसरा धूर निवडला होता. वरणावर झाकण पडते तेव्हा त्यांच्या त्या निवडीचेच अनुकरण आपण करतो.