पहिलारू कालवडीच्या कासेची सूज: ओळख, कारणे आणि व्यवस्थापन

पहिल्यांदा विणाऱ्या कालवडीची कास विण्याच्या दोन-तीन आठवडे आधी फुगून ताठ होते. कधी सूज पुढे बेंबीपर्यंत जाते. बहुतेक वेळा ही दगडी नसून कासेत साचलेले पाणी असते.

फरक कसा ओळखाल?
कासेवर अंगठ्याने पाच सेकंद दाबा. खड्डा पडून तो थोडा वेळ तसाच राहिला, कास थंड असली आणि जनावराने पाय झाडला नाही, तर ती पाण्याची सूज समजा. कासेचा एखादाच भाग गरम, लाल, दुखरा असेल किंवा ताप असेल, तर कासदाहाची शंका घ्या व त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. खात्री करण्यासाठी सड मात्र पिळू नका. सडाच्या तोंडाशी असलेले चिकट बूच निघाले की जंतूंना आत वाट मिळते.

सूज का येते?
विण्याच्या सुमारास कासेकडे रक्त जास्त येते, पण पोटातील वासराच्या दाबामुळे ते परत जायला वेळ लागतो. मग रक्तातील पाणी कातडीखाली झिरपते. मीठ व पोटॅशियम जास्त झाले की शरीर पाणी धरून ठेवते. कमी दुधाच्या कठाणी गाईपेक्षा जर्सी किंवा होल्स्टीन संकरित कालवडीत हा त्रास अधिक दिसतो. लठ्ठ व उशिरा गाभण राहिलेल्या कालवडीतही तो वाढतो.

काय करावे?
समजा, ब्रह्मपुरीकडील एका संकरित कालवडीला विण्यास पंधरा दिवस आहेत. तिला रोज ३ किलो पशुखाद्य, वर मूठभर मीठ आणि गव्हाणीत चाटण वीट आहे. पशुखाद्यात मीठ आधीच असते, म्हणजे तिला ते तीन वाटांनी मिळते. वरचे मीठ व वीट लगेच बंद करा. मळी, कोवळा बरसीम किंवा लसूणघास यांत पोटॅशियम भरपूर असते, तेही विईपर्यंत थांबवा. पशुखाद्य २ किलोवर आणा. केवळ खुराक घटवून सूज हमखास उतरत नाही, म्हणून उपाशी ठेवू नका. पाणी तर कधीच तोडू नका.

दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटे सपाट जागेवर फिरवा. जंगलात लांब चरायला सोडू नका, लोंबती कास काट्याझुडपांनी फाटते. कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून खालून वर हलकी मालिश करा.

व्याल्यावर तासा-दोन तासांत वासराला चीक पाजा व काही दिवस तीनदा दूध काढा. सूज साधारण आठ-दहा दिवसांत उतरते. लघवी वाढवणारे इंजेक्शन पशुवैद्यकाच्या सल्ल्याशिवाय देऊ नका. विण्यापूर्वी स्टेरॉइड दिल्यास कालवड गाभडू शकते.

ही वेगळी सूज ओळखा
धानाच्या बांध्या व तलावाकाठी चरणाऱ्या जनावरांत जबड्याखाली सूज, अशक्तपणा, पांढुरके डोळे दिसले, तर गोगलगायींमार्फत पसरणाऱ्या यकृतातील पर्णकृमीची शंका घ्या. तिथे मीठ बंद करून भागत नाही. शेण तपासून घ्या आणि कालवड गाभण असल्याचे सांगूनच जंताचे औषध मागा.