तळटीप : मगारी, बो, मेनो माले

१. मगारी, बो, मेनो माले : इटालियन बोलण्यात पावलोपावली येणारे हे शब्द आहेत. कोशातला एकच प्रतिशब्द त्यांना पुरत नाही. म्हणून या अनुवादात प्रसंग पाहून, काही ठिकाणी यवतमाळकडच्या वऱ्हाडीचा आधार घेऊन, वेगवेगळे पर्याय योजले आहेत.

सर्वांत फसवा ‘मगारी’. त्याचे मूळ ‘धन्य’ या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. कापूस पेरून आभाळाकडे पाहणारा शेतकरी ‘मगारी पिओव्हेस्से!’ म्हणाला, तर ती आस असते : ‘पाऊस आला तं किती बरं होईन!’ तोच ‘मगारी दोमानी पिओव्हे’ म्हणाला, तर तो नुसता अंदाज ठरतो : ‘उद्या येईन बी पाऊस.’ फरक क्रियापदाच्या रूपात असतो. पहिले इच्छादर्शक, दुसरे साधा वर्तमानकाळ. दोन्हीकडे ‘कदाचित’ लिहिले, की पहिल्यातली आस नाहीशी होते. ‘श्रीमंत झालास का?’ या प्रश्नाला नुसते ‘मगारी!’ हे उत्तर आले, तर मराठीत ‘कुठलं एवढं नशीब!’

‘बो’ खांदे उडवून म्हणतात. अर्थ ‘काय मालूम!’ मात्र सूर बेफिकीर असल्याने वडीलधाऱ्यांशी बोलताना ‘माहीत नाही जी’ असे मवाळ केले आहे.

‘मेनो माले’चा शब्दशः अर्थ ‘कमी वाईट’. पण तसे मराठीत कोणी बोलत नाही. सुटकेचा निःश्वास असेल तिथे ‘बरं झालं’, थोडक्यात निभावले असेल तिथे ‘नशीब’ घेतले आहे.