आवर्ती ठेव : महिनावार पडताळा

आवर्ती ठेवीत दरमहा ठरावीक हप्ता भरला जातो. म्हणून गणिताच्या दृष्टीने ती वार्षिकीच होय. हप्ता महिन्याच्या आरंभी पडतो आणि शेवटच्या हप्त्यालाही एक महिन्याचे व्याज मिळते. समजा, हप्ता १,००० रुपये, मासिक चक्रवाढ दर १ टक्का आणि मुदत ४ महिने. सूत्र असे :

A = P × [((1 + i)ⁿ − 1) / i] × (1 + i)

यातून ४,१०१.०१ रुपये येतात. आता तक्ता :

| महिना | हप्त्यासह शिल्लक | व्याज | अखेरची शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | १,०००.०० | १०.०० | १,०१०.०० |
| २ | २,०१०.०० | २०.१० | २,०३०.१० |
| ३ | ३,०३०.१० | ३०.३० | ३,०६०.४० |
| ४ | ४,०६०.४० | ४०.६० | ४,१०१.०० |

एका पैशाचा फरक दरमहा पूर्णांकन केल्याने पडला आहे. तो शोधत बसू नये. फरक ४०.६० रुपयांचा असेल तर मात्र चूक हमखास ओळखता येते. ही रक्कम नेमकी शेवटच्या महिन्याचे व्याज आहे, म्हणजे सूत्रातील शेवटचा (1 + i) राहून गेला आणि हप्ते महिनाअखेरीस धरले गेले. उत्तर बरोबर ४,१०० आले, तर सरळव्याज लावले आहे.

टपाल खात्याच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीला हा तक्ता जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण तिथे चक्रवाढ तिमाही असते. अशा वेळी व्याजाचा रकाना दरमहा भरावा, पण ते व्याज शिल्लकीत मिळवायचे तीन महिन्यांनी एकदाच. वरच्या उदाहरणात तिसऱ्या महिन्याअखेर मग ३,०६०.०० रुपये दिसतील.