३०२ मधून निघतोय

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर काय काय येतं ते सगळ्यांना माहीत आहे. टँकर कधी येणार, गेटसमोर गाडी कोणी लावली, आणि रोज सकाळी न चुकता कोणाची तरी फुलं. या गर्दीत वर्षातून दोन-चारदा एक वेगळीच ओळ येते, आणि तिच्याखाली नमस्काराच्या हातांची रांग लागते. कोणीतरी घर सोडून चाललेलं असतं.

आमच्याकडे गेल्या महिन्यात आलेली ओळ अशी होती (नावं गाळली आहेत):

"नमस्कार मंडळी. ३०२ मधून उद्या निघतोय. जवळजवळ चार वर्षं झाली. काही कमी-जास्त बोललो असू तर सांभाळून घ्या. कोल्हापूरला आलात तर घरी नक्की या. लोभ असावा. येतो."

घाईत, सामान बांधता बांधता लिहिलेली असणार. पण वाचताना वाटलं, अरे, हे सगळं तर फार जुनं आहे!

शेवटून सुरू करू. 'येतो'. जाणारा माणूस आपल्याकडे 'जातो' म्हणत नाही. कोणी चुकून म्हणालंच तर घरातली आजी लगेच दुरुस्त करायची, "जातो म्हणू नये, येतो म्हणावं." हे कुटुंब काही परत येणार नाही, हे लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. तरी तो शब्द आहेच.

त्याच्या आधीचं 'लोभ असावा' हे पत्रांतून आलेलं. पेशवाईतली पत्रं चाळलीत तर शेवटाकडे 'बहुत काय लिहिणे', 'लोभ करावा', 'हे विनंती' अशी ठरलेली वाक्यं सारखी भेटतात. पुढे पोस्टकार्डांवर त्यांचं 'कळावे, लोभ असावा' झालं. आता पोस्टकार्ड गेलं आणि ती ओळ फोनवर आली. आणि 'कमी-जास्त बोललो असू तर सांभाळून घ्या' हे बिलाखालच्या 'चूक भूल देणे घेणे'चं सख्खं भावंड आहे. हिशेब बंद करताना दोन्ही बाजूंनी थोडी सूट ठेवायची, म्हणजे मागे बाकी राहत नाही. आपण ब्लॉगवाले 'चू.भू.दे.घे.' इतक्या सहज लिहितो, पण चार वर्षं एकाच जिन्यावर राहिलेल्या माणसांमध्ये खरोखरच बारीकसारीक हिशेब साठलेला असतो. रात्री अकराला खुर्ची सरकवल्याचा, गॅलरीतून खाली ठिबकणाऱ्या कुंडीचा.

आता या ओळीनंतर काय होतं ते पाहा. शिवकालीन पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उमटवत. पत्र इथे संपलं, याखाली कोणी काही घुसडलं तर ते आमचं नाही, असा तिचा अर्थ. तेच मोर्तब. आपला 'शिक्कामोर्तब' शब्द तिथला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवरही असं एक मोर्तब होतं. माणूस बाहेर पडला की नावापुढे left अशी करडी ओळ आपोआप उमटायची, सगळ्यांना दिसेल अशी. २०११ मध्ये गट सुरू झाल्यापासून बरीच वर्षं हे असंच होतं. त्यामुळे निरोप लिहिणं ही जवळजवळ सक्तीच होती. काही न लिहिता बाहेर पडलं की ती करडी ओळच बोलायची, आणि रागावून गेल्यासारखी बोलायची. "काय झालं हो ३०२ चं?" म्हणून खाली कुजबुज सुरू!

ऑगस्ट २०२२ मध्ये कंपनीने बदल जाहीर केला. गट सोडल्याचं आता फक्त अ‍ॅडमिनला कळतं. इतरांना कळायचं तर गटाच्या माहितीत जाऊन आधीच्या सदस्यांची यादी उघडावी लागते, आणि तिथेही नाव ६० दिवसच राहतं. म्हणजे सक्ती संपली. कोणी न सांगता गेलं तर बहुतेकांना पत्ताही लागत नाही. तरीही लोक लिहितात. २०२२ च्या आधी निरोपाची ओळ बरीचशी खुलासा होती, आता ती खरोखरीचा निरोप झाली आहे, असं मला वाटतं.

पण या ओळीचं खरं मोल कळतं ते सोसायटीचं कपाट उघडल्यावर. घरमालक सभासद जागा विकून जातो तेव्हा त्याची नोंद पक्की राहते. भागप्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला हस्तांतराचा तक्ता छापलेला असतो. तारीख, नव्या सभासदाचं नाव, पदाधिकाऱ्यांच्या सह्या. एखाद्या जुन्या प्रमाणपत्राची पाठ वाचली की त्या घराची पन्नास वर्षांची वंशावळच समोर येते. सभासदांच्या नोंदवहीतही तेच.

३०२ मधले मात्र भाडेकरू होते. अकरा महिन्यांचे चार करार, म्हणजे ४४ महिने. भागप्रमाणपत्रावर त्यांचं नाव कधीच नव्हतं, ते मालकाचं. करार नोंदवला गेला तोही मालक आणि त्यांच्यातला. सोसायटीच्या हिशेबात त्यांची खूण शोधायची तर ती मालकाच्या बिलात सापडेल. तिथे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंत एक जादा रक्कम लावतात, तिचं नाव 'बिनभोगवटा शुल्क'. गंमत बघा. चार माणसं त्या घरात रोज स्वयंपाक करतायत, मुलं जिन्यात खेळतायत, आणि कागद म्हणतो तिथे भोगवटा नाही! कारण कागदाच्या लेखी राहणं म्हणजे सभासदाने राहणं.

हे नेहमीच असं होतं असं नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींची सहकारी गृहनिर्माण सोसायटी १९१५ साली नोंदली गेली. या चळवळीची सुरुवात तिच्यापासून मानतात. तिथे इमारत सोसायटीची आणि राहणारे तिचे भागधारक भाडेकरू अशी रचना होती. जो भाडं भरतो तोच सभासद, आणि त्याचंच नाव वहीत. पुढे घर मालकीचं झालं, त्याची किंमत वाढली, ते भाड्याने देणं हा एक उद्योग झाला, आणि राहणारा आणि नोंदलेला ही दोन वेगळी माणसं झाली.

म्हणून ३०२ च्या कुटुंबासाठी ती सहा-सात छोटी वाक्यं हीच इथल्या राहण्याची एकमेव सार्वजनिक नोंद आहे, आणि तीही त्यांनी स्वतः केलेली. ती टिकाऊ मात्र नाही. गटावर मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांत ती जाईल. नसेल, तरी कोणी फोन बदलला आणि मागचं घेतलं नाही की संपलं. ३०२ मध्ये नव्याने येणाऱ्यांना ती आपोआप दिसणारही नाही.

काही ठिकाणी तर ओळ लिहायलाही सवड मिळत नाही. करार संपला त्याच दिवशी अ‍ॅडमिन यादी 'साफ' करतो. किल्ली सकाळी दिली, दुपारी नाव काढलं. संध्याकाळी टेम्पोत बसून निरोप लिहावा म्हणून फोन उघडावा तर जागाच नाही. नियमाने यात काही चूक नाही, सोसायटीतल्या गोष्टी बाहेर जाऊ नयेत हेही खरं. पण दोन-तीन दिवस थांबायला काय हरकत आहे? पत्र लिहून व्हायच्या आधीच मोर्तब करू नये, एवढंच.

असो. चू.भू.दे.घे.